परत गेलेल्या मालाचा कर कुठे अडतो?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीतून निघालेले कास्टिंग पुण्याच्या भोसरीत उतरते, तेव्हा त्यातला दोष बहुधा दिसत नाही. वाळू झाडलेली असते, कडा घासलेल्या असतात, वरवर मोजमाप घेतले तर तेही बरोबर भरते. स्टोअरचा माणूस नग मोजतो, चलनावर शिक्का मारतो आणि माल रॅकवर जातो. दोष कळतो तो कास्टिंग मशीनवर चढल्यावर. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर उतरला की आतले बारीक खड्डे उघडे पडतात. ओतताना वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही की लोखंडात अशी पोकळी राहते. कारखान्यात तिला ब्लोहोल म्हणतात. पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला ब्लोहोल असेल तर तिथून तेल झिरपणार, म्हणून तो नग बाद. क्वालिटीचा माणूस त्यावर लाल रंगाचा पट्टा मारतो आणि त्याला रिजेक्शनच्या पेटीत टाकतो.

पण तोवर कागदोपत्री सगळे उरकलेले असते. फाउंड्रीने बिल केलेले असते आणि त्यावरचा जीएसटी सरकारात भरलेला असतो. वर्कशॉपने ते बिल खरेदीत धरलेले असते आणि त्यातला कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून आपल्या देण्यातून वजाही केलेला असतो. म्हणजे बाद माल टेम्पोत घालून परत पाठवला की प्रकरण मिटले, असे होत नाही. मालाबरोबर दोन आकडेही मागे न्यावे लागतात. एक पुरवठादाराला द्यायच्या पैशांचा, दुसरा करवजावटीचा. पहिला आकडा खरेदीदार आपल्या वहीत स्वतः बदलू शकतो. दुसरा आकडा मागे जायला मात्र पुरवठादाराने आपल्या बाजूने कागद काढावा लागतो. बहुतेक भांडणे इथेच सुरू होतात.

साठ नगांचा हिशेब

नमुन्यासाठी एक व्यवहार घेऊ. भोसरीच्या वर्कशॉपने शिरोलीच्या फाउंड्रीकडून 500 हाऊसिंग घेतली, दर नगाला 640 रुपये. बिल 28 जानेवारी 2026 चे. मालाची किंमत 3,20,000 रुपये. ओतीव लोखंडाच्या कास्टिंगवर 18 टक्के जीएसटी आहे आणि दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा. दोन्ही मिळून कर 57,600 रुपये आणि बिलाची बेरीज 3,77,600. जानेवारीच्या विवरणपत्रात, म्हणजे 20 फेब्रुवारीपर्यंत भरायच्या जीएसटीआर-3बी मध्ये, वर्कशॉपने 57,600 रुपयांची वजावट घेऊन टाकली.

24 फेब्रुवारीला मशीनिंग संपले तेव्हा 60 नगांना ब्लोहोल निघाले. त्या साठ नगांची मूळ किंमत 38,400 रुपये, त्यावरचा कर 6,912 रुपये (3,456 केंद्राचे, 3,456 राज्याचे), एकूण 45,312 रुपये.

दोन दिवसांनी वर्कशॉपचा अकाउंटंट फाउंड्रीच्या नावाने डेबिट नोट काढतो. टॅलीत त्यासाठी `Alt+F5` दाबून व्हाउचर उघडते. नोटेवर स्वतःचा क्रमांक आणि तारीख असते. मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, नगांची संख्या, बाद करण्याचे कारण, दर आणि कराची वेगळी रक्कम हेही लिहिलेले असते. सोबत क्वालिटी विभागाचा रिजेक्शन रिपोर्ट आणि शक्यतो खड्ड्यांचे फोटो जोडले जातात. मूळ बिलाचा क्रमांक राहून गेला तर पुढे फाउंड्रीच्या माणसाला ही वजावट कोणत्या मालाची आहे ते शोधत बसावे लागते. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या त्या ओताचा क्रमांक, उठवलेला असेल तर तोही नोटेत घालतात. एका ओतातले किती नग बाद झाले हे त्यावरून फाउंड्रीला कळते आणि माल आपलाच आहे का, ही शंकाही उरत नाही.

नोंद साधी असते. फाउंड्रीचे खाते 45,312 रुपयांनी नावे, समोर खरेदी परत 38,400 रुपयांनी जमा आणि कराचे 6,912 रुपये जमा. फाउंड्रीला द्यायचे 3,77,600 होते, ते आता 3,32,288 झाले. ही नोंद मूळ बिलाशी जोडून करायची असते. तशी जोडली नाही तर खातेउताऱ्यात बिल पूर्ण बाकी दिसते आणि डेबिट नोट कुठेतरी सुटी पडून राहते. मग पेमेंट करणारा माणूस पूर्ण बिल देऊन मोकळा होतो.

खरा प्रश्न त्या 6,912 रुपयांचा आहे. ते जमा करायचे कुठे? अनेक जण सरळ इनपुट सीजीएसटी आणि इनपुट एसजीएसटी या खात्यांतून ते वजा करतात. वहीत ते बरोबर दिसते, पण सरकारी पोर्टलवर तेव्हा काहीच घटलेले नसते. त्या महिन्याची वही आणि पोर्टल यांत 6,912 रुपयांचा फरक पडतो. असे दहा पुरवठादार झाले की वर्षाअखेरीस तो फरक कुणाचा, हे शोधण्यात आठवडा जातो. म्हणून सावध अकाउंटंट एक मधले खाते ठेवतात, ‘डेबिट नोटवरील कर, क्रेडिट नोट येणे’ अशा काहीशा नावाचे. रक्कम आधी तिथे बसते आणि पुरवठादाराचा कागद पोर्टलवर दिसला की मगच इनपुटच्या खात्यात वळते. या खात्यातली बाकी ही पाठपुरावा करायच्या फाउंड्र्यांची आणि दुकानांची आयती यादीच होते.

कायदा कोणाचा कागद मानतो

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये माल परत आल्यावर काय करायचे ते दिले आहे. माल परत आला, मालात कमतरता निघाली किंवा बिलात किंमत वा कर जादा लागला, तर पुरवठादाराने क्रेडिट नोट काढायची. ती त्याने आपल्या विवरणपत्रात दाखवली की त्याचे कराचे देणे कमी होते. याच कलमात डेबिट नोटही आहे, पण तीही पुरवठादारानेच काढायची असते, बिलात किंमत किंवा कर कमी लागला असेल तेव्हा. खरेदीदाराने काढलेल्या डेबिट नोटेचे नाव या कलमात नाही.

म्हणून भोसरीहून निघालेला कागद हा करापुरता फक्त दावा असतो. ‘आमच्या मते तुमच्याकडून इतके येणे आहे’ एवढेच तो सांगतो. पैशांच्या हिशेबात त्याला वजन आहे, कारण माल विक्रीच्या 1930 च्या कायद्याने दोषी मालापोटी किंमत कापून घेण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे. कर मात्र शिरोलीतून क्रेडिट नोट निघेपर्यंत जागचा हलत नाही.

समजा फाउंड्रीने माल तपासला, दोष मान्य केला आणि 9 मार्चला 38,400 अधिक 6,912 रुपयांची क्रेडिट नोट काढली. फाउंड्रीची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर बिलाप्रमाणे या नोटेलाही ई-इन्व्हॉइसचा क्रमांक घ्यावा लागतो. मार्चच्या जीएसटीआर-1 मध्ये, 11 एप्रिलपर्यंत, ती पोर्टलवर चढते. 14 एप्रिलला वर्कशॉपचा जीएसटीआर-2बी तयार होतो आणि त्यात ती वजा रक्कम म्हणून दिसते. 20 एप्रिलपर्यंत भरायच्या 3बी मध्ये वर्कशॉपची त्या महिन्याची करवजावट 6,912 रुपयांनी कमी होऊन येते. त्याच दिवसापर्यंत फाउंड्रीचे देणे तेवढ्यानेच कमी होते. 24 फेब्रुवारीला सापडलेला खड्डा कराच्या हिशेबात असा 20 एप्रिलला भरतो.

मध्ये एक थांबा आहे. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आयएमएस, सुरू झाली. पुरवठादाराने चढवलेली बिले आणि क्रेडिट नोटा तिथे खरेदीदारासमोर येतात. तो त्या स्वीकारू शकतो किंवा नाकारू शकतो. काहीच केले नाही तर स्वीकारल्या असे धरले जाते. खरेदीदाराने क्रेडिट नोट नाकारली तर फाउंड्रीने घटवलेला कर पुन्हा तिच्या देण्यात येऊन बसतो. सुरुवातीला क्रेडिट नोट प्रलंबित ठेवण्याची सोय नव्हती. ऑक्टोबर 2025 च्या कालावधीपासून ती एका विवरण कालावधीपुरती प्रलंबित ठेवता येते. खरेदीदाराने मुळात पूर्ण वजावट घेतलीच नसेल, तर किती रक्कम उलटवायची हेही तो तिथे सांगू शकतो.

या शेवटच्या सोयीला कारण आहे. काही वेळा माल गेटवरच नाकारला जातो. मापात चूक किंवा चुकीचा माल लगेच दिसतो, टेम्पो न उतरवता परत जातो. जो माल हातातच आला नाही त्याची वजावट घेता येत नाही, आणि जी घेतली नाही ती उलटवायचा प्रश्न येत नाही. पोर्टलला हे आपोआप कळत नाही, ते माणसाने सांगावे लागते.

एकाने घटवले, दुसऱ्याने ठेवले

सरकारला या साध्या देवघेवीत एवढे लक्ष का घालावे लागले, हे एका चुकीतून चांगले कळते.

वर्कशॉपने फाउंड्रीच्या पेमेंटमधून 45,312 रुपये कापले. फाउंड्रीनेही क्रेडिट नोट काढली आणि आपला कर 6,912 रुपयांनी कमी करून घेतला. पण वर्कशॉपने आपली वजावट उलटवलीच नाही. आता ते 6,912 रुपये फाउंड्रीने सरकारला दिले नाहीत आणि वर्कशॉपने मात्र सरकारकडून घेतले. एकाच रकमेचा फायदा दोन ठिकाणी गेला आणि तूट तिजोरीला आली. 2025 च्या वित्त कायद्याने म्हणूनच कलम 34 मध्ये दुरुस्ती केली. खरेदीदार नोंदणीकृत असेल आणि त्याने घेतलेली वजावट उलटवलेली नसेल, तर पुरवठादाराला आपला कर घटवता येणार नाही. वर्कशॉपवरही वेगळा बोजा पडतो, कारण चुकीने घेऊन वापरलेल्या वजावटीवर वर्षाला 18 टक्के दराने व्याज लागते.

उलट चूकही तितकीच सर्रास होते आणि ती व्यापाऱ्यांच्या आपसात राहते. वर्कशॉपने करासह 45,312 रुपये कापले. फाउंड्रीने मात्र करविरहित, फक्त 38,400 रुपयांची साधी क्रेडिट नोट दिली आणि पोर्टलवर काही चढवले नाही. फाउंड्रीने मूळ 57,600 रुपयांचा पूर्ण कर भरलेला आहे आणि वर्कशॉपकडे पूर्ण वजावट तशीच आहे. इथे सरकारचे काही बुडत नाही. फाउंड्रीच्या खिशातून 6,912 रुपये गेलेले असतात आणि वर्कशॉपला तेवढे फुकट मिळालेले असतात. वर्षाअखेरीस दोघांचे खातेउतारे जुळवायला घेतले की नेमका हा 6,912 चा फरक समोर येतो आणि दोन्ही बाजू आपापला आकडा धरून बसतात.

ओळखायची खूण सोपी आहे. फरकाला कराच्या दराने भागून बघायचे. 6,912 ला 0.18 ने भागले की 38,400 येतात, म्हणजे परत गेलेल्या मालाची मूळ किंमत. फरक असा एखाद्या डेबिट नोटेच्या मूळ रकमेवर जाऊन बसला, की एका बाजूने कर धरला आहे आणि दुसऱ्या बाजूने नाही, हे नक्की.

करविरहित क्रेडिट नोट ही काही चुकीची गोष्ट नव्हे. दोघांनी मिळून तेच ठरवले, तर वर्कशॉपने 45,312 नव्हे, फक्त 38,400 कापायचे. मग फाउंड्रीला 3,39,200 मिळतात. त्यातून भरलेले 57,600 रुपये कराचे वजा केले तर 2,81,600 उरतात, म्हणजे बरोबर 440 चांगल्या नगांचे पैसे. फाउंड्रीचे नुकसान नाही, वर्कशॉपचा फायदा नाही. अट एवढीच की दोन्हीकडचा कागद एकाच पद्धतीचा हवा.

लेथवरची मजुरी कोणाच्या माथी

ब्लोहोल निघालेल्या साठ नगांवर वर्कशॉपने काम केलेले असते. मशीनचा वेळ, टूल आणि ऑपरेटर धरून नगाला 85 रुपये गेले असतील, तर 5,100 रुपये वाया गेले. ही रक्कमही फाउंड्रीला डेबिट करण्याची पद्धत वाहनउद्योगाच्या पट्ट्यात जुनी आहे. बहुतेक ऑर्डरींच्या अटींमध्ये ती लिहिलेलीही असते.

अडचण होते ती दोन्ही रकमा एकाच नोटेत घालून सगळ्यावर 18 टक्के लावल्याने. 5,100 वर 918 रुपये कर दाखवला, तर फाउंड्री त्या 918 ची क्रेडिट नोट देऊच शकत नाही. तिच्या मूळ बिलात त्या मजुरीवर कधी कर लागलाच नव्हता, मग कमी काय करायचे? मालाची नोट मान्य होते, मजुरीची अडते आणि एकच नोट असल्यामुळे दोन्ही रखडतात. ही रक्कम मालाची किंमत नसून झालेल्या नुकसानीची भरपाई आहे. करार मोडल्याबद्दल मिळणारी भरपाई म्हणजे सेवा पुरवल्याचा मोबदला नव्हे, असा खुलासा अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या परिपत्रकात केला आहे. म्हणून मजुरीची नोट वेगळी काढतात, करविरहित.

बदली मालाचाही असाच गुंता होतो. फाउंड्री म्हणते, ‘हिशेबात कशाला पडता, पुढच्या गाडीत साठ नग जादा टाकतो.’ मग क्रेडिट नोट निघत नाही, बदली माल चलनावर येतो. हे चालते, पण तेव्हा वर्कशॉपने आधी काढलेली डेबिट नोट रद्द करायला हवी. ती तशीच राहिली तर साठ नगांचे पैसेही कापलेले असतात आणि साठ नगही मिळालेले असतात. अकाउंट्सला बदली मालाची खबर नसते आणि स्टोअरला डेबिट नोटेची. क्रेडिट नोट निघाली असेल तर मात्र बदली नग नव्या बिलावर, नव्या करासहच आले पाहिजेत.

माल परत न्यायचा तो कसा

परत जाणाऱ्या मालाबरोबर डिलिव्हरी चलन लागते, तीन प्रतींत. त्यावर मूळ बिलाचा आणि डेबिट नोटेचा क्रमांक घालतात. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला महाराष्ट्रात ई-वे बिल लागत नाही. ही किंमत करासह मोजायची असते. साठ नगांचे 45,312 रुपये या मर्यादेत बसतात. नग 140 असते तर रक्कम 1,05,728 झाली असती आणि ई-वे बिल काढावे लागले असते. हीच फाउंड्री बेळगावात, राज्याच्या हद्दीबाहेर असती, तर मर्यादा 50,000 ची आणि कर एकाच आयजीएसटीच्या खात्यातला. तिथे सत्तर नगांनाच ई-वे बिल लागले असते.

माल परत पोचवणे खरेदीदाराचे कर्तव्य आहे का? वेगळे काही ठरलेले नसेल, तर 1930 च्या कायद्यानुसार नाही. हक्काने नाकारलेला माल परत पाठवायला खरेदीदार बांधलेला नाही, नाकारल्याचे कळवले की पुरे. व्यवहारात फाउंड्रीला तो माल हवा असतो, कारण बाद कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते. भाडे परवडत नसेल तर ती ‘तिथेच भंगारात काढा’ असेही सांगते. तसे झाले तर ते भंगार कोणाचे आणि त्याचे पैसे कोणाला, हे लेखी घ्यावे लागते. नाहीतर डेबिट नोट पूर्ण किमतीची आणि भंगाराचे पैसेही वर्कशॉपलाच, अशी तक्रार पुढे येते.

दोन घड्याळे

फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचे घड्याळ चालू असते. मालाबद्दल लेखी हरकत पोच झाल्यापासून पंधरा दिवसांत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरतात, आणि लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. आपल्या उदाहरणात माल 29 जानेवारीला पोचला असेल, तर हरकतीची मुदत 13 फेब्रुवारीला संपली. ब्लोहोल दिसले 24 फेब्रुवारीला. त्यामुळे दोषी साठ नगांचा दावा बुडत नाही, पण त्या वादापायी उरलेल्या 440 नगांचे पैसे अडवून ठेवता येत नाहीत. 15 मार्चनंतर त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज चढू लागते.

दुसरे घड्याळ जीएसटीचे, एकशे ऐंशी दिवसांचे. बिलाच्या तारखेपासून तेवढ्या दिवसांत पुरवठादाराला किंमत आणि कर दिला नाही, तर त्या भागाची वजावट व्याजासह परत करावी लागते. 28 जानेवारीच्या बिलासाठी ती तारीख 27 जुलै. फाउंड्रीने दोष मान्यच केला नाही, क्रेडिट नोट दिली नाही आणि वर्कशॉपने 45,312 रुपये कापूनच ठेवले, तर जुलैत तो भाग न दिलेल्या बिलाचा ठरतो. म्हणजे फाउंड्रीने कागद दिला काय आणि न दिला काय, त्या 6,912 रुपयांची वजावट वर्कशॉपकडे राहत नाही.

औषधांच्या दुकानातला दुसरा रस्ता

परत जाणाऱ्या मालाचे सर्वांना ओळखीचे उदाहरण म्हणजे मुदत संपलेली औषधे. केमिस्ट ती घाऊक विक्रेत्याकडे आणि तो ती कंपनीकडे परत करतो. या मालाबद्दल मंडळाने 26 ऑक्टोबर 2018 रोजी 72 क्रमांकाचे परिपत्रक काढले आणि दोन रस्ते सांगितले. एक आतापर्यंत पाहिला तो, चलनावर माल परत आणि पुरवठादाराची क्रेडिट नोट. दुसऱ्यात परत करणारा स्वतःच कर लावून बिल काढतो, जणू त्याने तो माल विकला. तो कर भरतो, घेणारा त्याची वजावट घेतो. मुदत संपण्याखेरीज इतर कारणांनी परत गेलेल्या मालालाही हे लागू होऊ शकते, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. मोठ्या कंपन्या कास्टिंगच्या बाबतीतही पुष्कळदा हाच रस्ता धरतात. त्यात वजावट उलटवावी लागत नाही आणि पुरवठादाराच्या क्रेडिट नोटेची वाटही पाहावी लागत नाही. मात्र परत गेलेला माल आपल्या विक्रीत दिसतो आणि तेवढ्याने उलाढाल फुगते.

कोणता रस्ता घेतला यावर रक्कमही बदलू शकते. 22 सप्टेंबर 2025 रोजी बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. त्याआधी हजार रुपयांना घेतलेल्या औषधावर केमिस्टने 120 रुपयांची वजावट घेतली असेल, तर त्या मालाच्या क्रेडिट नोटेत 120 रुपयेच येतात, कारण ती जुन्या विक्रीची दुरुस्ती आहे. तोच माल नव्या बिलाने परत केला तर ती आजची विक्री, म्हणून कर 50 रुपये.

नोव्हेंबरची भिंत

हे बिलाचे रस्ते सुचण्यामागे बहुतेक वेळा एक तारीख असते. कर घटवणारी क्रेडिट नोट पुरवठादाराला ज्या आर्थिक वर्षातल्या विक्रीची असेल, त्या वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच विवरणपत्रात दाखवता येते. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर त्या दिवसापर्यंतच. 2022 च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत सप्टेंबरच्या विवरणपत्रापर्यंत होती. औषधाचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असल्याने ते परत जाईपर्यंत ही तारीख बऱ्याचदा उलटून गेलेली असते.

शिरोलीच्या बिलासाठी ती तारीख 30 नोव्हेंबर 2026. पण नोव्हेंबरात काढलेली नोट नोव्हेंबरच्या विवरणपत्रात जाते आणि ते भरले जाते डिसेंबरात. म्हणून महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या फाउंड्रीने नोट ऑक्टोबर संपण्याआधी काढून ऑक्टोबरच्या जीएसटीआर-1 मध्ये घालणे हेच बिनधोक. त्यानंतर दोष मान्य करूनही फाउंड्री आपला कर कमी करू शकत नाही. मग ती 38,400 रुपयांची साधी नोट देते, वर्कशॉपला 6,912 रुपये पुन्हा तिच्या खात्यात जमा करावे लागतात आणि मधल्या खात्यातली ती बाकी शून्य होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अनेक कारखान्यांचे अकाउंटंट मार्चपूर्वीच्या उघड्या डेबिट नोटांची यादी काढून पुरवठादारांना एकेक फोन लावत बसतात, ते यासाठीच.